फर्निश्ड फ्लॅट: सामानाची यादी अवस्थेसकट लिहा

घर सोडताना डिपॉझिट कापलं जातं ते बहुतेकदा करारात नुसतं ‘फ्रिज, एसी, सोफा’ एवढंच लिहिलेलं असतं म्हणून. वस्तू कुठल्या अवस्थेत मिळाली, याचा पुरावाच नसतो.

१. प्रत्येक वस्तूपुढे मॉडेल, सीरियल नंबर आणि आजची अवस्था लिहा. उदा. ‘वॉशिंग मशीन, चालू, झाकणाला उजवीकडे तडा’. गादीवरचे डागसुद्धा. किल्ल्या आणि रिमोट मोजून लिहा, हेच हमखास राहून जातं.

२. त्याच कागदावर वीज मीटरचं त्या दिवशीचं रीडिंग टाका. यादी परिशिष्ट म्हणून करारालाच जोडा, पानापानावर दोघांच्या सह्या घ्या.

३. दुरुस्तीचं कलम या यादीशी बांधा: वापराने होणारी झीज आणि आतला बिघाड मालकाकडे, हाताळणीत झालेली मोडतोड भाडेकरूकडे. म्हणजे एसीचा कॉम्प्रेसर गेला तर खर्च मालकाचा, फिल्टरची सफाई भाडेकरूची. लेखी कळवल्यावर किती दिवसांत दुरुस्ती, आणि न झाल्यास बिल भाड्यातून वळतं करता येईल का, तेही लिहा.

सांभाळा: लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी करार न मोडण्याची अट, फक्त भाडेकरूवर लादलेली नाही ना, ते सहीआधी वाचा. मालकालाही त्या मुदतीत घर रिकामं करून मागता येणार नाही, असं स्पष्ट वाक्य हवं.