‘५००+ समाधानी ग्राहक’ ही ओळ मी प्रोफाइलवरून का काढली

“पाचशे ग्राहक आहेत ना तुमचे? मग त्यातले परत आलेले किती?”

एका कंपनीच्या खरेदी विभागातल्या बाई फोनवर होत्या. त्यांना नव्या कर्मचाऱ्यांना द्यायला वह्या हव्या होत्या. लिंक्डइनवर माझं प्रोफाइल वाचून त्यांनी स्वतःहून फोन केला होता. मी म्हटलं, “बरेच.” त्या म्हणाल्या, “साधारण?” मी म्हटलं, “म्हणजे... अर्धे तरी असतील.” पलीकडे दोन क्षण शांतता. मग “बरं, कळवते.” कळवलं नाही. आजही तो फोन आठवला की कान गरम होतात.

मी घरी हाताने वह्या बांधते. कागद दुमडून फर्मे करायचे, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचे, पुठ्ठ्याला कापड चढवायचं. तेव्हा या कामाला दोन वर्षं झाली होती. वह्या चांगल्या होत्या, प्रोफाइलवरचं लिखाण थापेबाज होतं. बरं, थाप मारतोय हे मला ठाऊकही नव्हतं. सगळ्यात मोठा खड्डा हाच आहे, म्हणून त्याबद्दल जरा पाल्हाळ लावणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

पाचशे हा आकडा मी मनाने रचला नव्हता. विकलेल्या वह्या ५१२ होत्या. म्हणजे मी वह्या मोजल्या आणि लिहिलं ग्राहक. त्यातल्या १८० वह्या तर एकाच ऑर्डरमध्ये गेल्या होत्या, एका कार्यशाळेसाठी. तिथे ग्राहक एक. त्या फोननंतर त्याच रात्री वही, पेमेंटचे मेसेज आणि कुरियरच्या पावत्या घेऊन बसले आणि सगळं एका शीटमध्ये उतरवलं. एक ऑर्डर, एक ओळ. रकाने पाचच: तारीख, फोन नंबर, वह्यांची संख्या, ओळख कशी झाली, नातं आहे का. दोन वर्षांच्या १४३ ओळी झाल्या.

आता १४३ ऑर्डर म्हणजे १४३ माणसं नव्हेत. वेगळे फोन नंबर मोजले तर १०९ आले. पण कुठे नंबराच्या आधी देशाचा कोड होता, कुठे मधे मोकळी जागा, कुठे आडवी रेघ. शीटला ते सगळे वेगळे नंबर वाटतात. म्हणून आकडे सोडून बाकी सगळं काढून टाकायचं आणि शेवटचे दहाच आकडे धरायचे. गूगल शीट्समध्ये मी हे वापरते:

```
=COUNTUNIQUE(ARRAYFORMULA(RIGHT(REGEXREPLACE(TO_TEXT(B2:B144),"[^0-9]",""),10)))
```

उत्तर ९७ आलं. मग डोळ्यांनी यादी वाचली. एक बाई कधी स्वतःच्या फोनवरून मागवत, कधी मुलीच्या. अशा तीन जोड्या निघाल्या. राहिले ९४.

त्या ९४ पैकी २५ जण माझे नातेवाईक नाहीतर मैत्रिणी. त्यांनी प्रेमाने घेतल्या, पण त्यांना ग्राहक म्हणून मिरवायचं म्हणजे आपल्याच घरी पाहुणं जाण्यासारखं आहे. अनोळखी माणसं उरली ६९, त्यातले पुन्हा मागवणारे १६. इथे मला रडू आलं, खरंच. पाचशेवरून सोळावर.

पण थांबा, इथे उलट्या बाजूचीही एक चूक होते आणि ती आपण बायका हमखास करतो, स्वतःला कमी धरण्याची. माझी वही भरायला माणसाला चार-पाच महिने लागतात. गेल्या महिन्यात पहिल्यांदा घेतलेला माणूस अजून परत आला नाही, तर त्यात वावगं काय? तेव्हा ज्यांची पहिली खरेदी सहा महिन्यांपेक्षा जुनी आहे तेवढेच वेगळे काढले. असे ४२ निघाले, त्यातले १५ परत आले होते. तिघांतला एक, किंबहुना थोडे जास्तच. हा आकडा लहान असला तरी कुणीही खोदून विचारावं, मी उत्तर देऊ शकते. तुमची वस्तू किती दिवसांत संपते यावर तुमची मुदत ठरेल. साबण असेल तर दोन महिने पुरतील. पडदे शिवत असाल तर दोन वर्षांतही कुणी परत येणार नाही, मग ‘परत आलेले’ मोजूच नका, कुणाच्या सांगण्यावरून आले ते मोजा.

वाढीच्या आकड्याचंही असंच. मी लिहिलं होतं, ‘दोन वर्षांत सहापट वाढ’. पहिल्या तीन महिन्यांत ६ ऑर्डर आणि शेवटच्या तीन महिन्यांत ३८, गणित बरोबरच होतं. पण सुरुवातीला सहाच ऑर्डर असतील तर पुढे काहीही झालं तरी कित्येक पट दिसणारच. शिवाय ते शेवटचे तीन महिने म्हणजे भेटवस्तूंचा हंगाम. आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांत १९ ऑर्डर होत्या. हंगामाशी हंगाम लावला तर १९ च्या ३८. दुप्पट. दुप्पट काय वाईट आहे? मी आता टक्के लिहीतच नाही. एवढ्या लहान धंद्यात टक्के लिहिले की वाचणाऱ्याला वाटतं, खालचा आकडा लपवतेय. आणि बहुतेक वेळा आपण लपवतच असतो.

हे ‘५००+’ मला शिकवलं कुणी, तेही सांगते. स्वतःचा ब्रँड कसा बनवावा यावरच्या दोन तासांच्या एका ऑनलाइन वर्गात. ‘मोठं दिसा, मग मोठे व्हाल’ हे शिकवणाऱ्याचं आवडतं वाक्य. त्यांच्या सांगण्यावरून मी हुद्द्यात ‘फाउंडर अँड सीईओ’ही लावलं होतं. बाकीचे कर्मचारी म्हणजे मी आणि माझी सुई. असल्या मार्गदर्शकाला पैसे देण्याआधी एकच विचारा: तुम्ही स्वतः शेवटची वस्तू कधी विकलीत, आणि ती वस्तू म्हणजे हाच वर्ग तर नाही ना?

मला खरा उपयोग झाला तो मावशीचा. तिने आयुष्यभर एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम केलं. तिला प्रोफाइल वाचायला दिलं, तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, “अगं, तू फार गोड लिहिलंयस. पण मला माल घ्यायचा असेल तर मी तीनच गोष्टी बघेन. एका खेपेला किती देशील, किती दिवसांत देशील, आणि बिघडलं तर काय करशील. यातलं एकही इथे नाही.”

मी म्हटलं, “घरातून करते हे लपवू का?”

“घरातून कर नाहीतर झाडाखाली कर. तू आजारी पडलीस तर शिवणार कोण, ते सांग.”

कुणीच नाही, हे खरं उत्तर होतं. मग मी तेच लिहिलं, की आठवड्याला २० ते २५ वह्या होतात, ६० वह्यांना तीन आठवडे धरा, त्याहून मोठी ऑर्डर असेल तर दोन खेपांत देईन. वाटलं होतं, हे वाचून लोक पळतील. काही पळतही असतील. पण तीन दिवसांत दोनशे वह्या मागणारेच फोन जास्त कमी झाले, आणि ते कमी झाल्याचं मला सुख आहे.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र आमचं भांडण झालं. त्या १८० वह्यांपैकी १४ चे पुठ्ठे वाकले होते. पुठ्ठ्याच्या तंतूंची दिशा वहीच्या कण्याला समांतर हवी. त्या वेळी कापताना एक ताव वाचवायच्या नादात मी काही पुठ्ठे आडवे कापले. वर खळीचा ओलावा, सुकताना ते केळीच्या पानासारखे वळले. सहा दिवसांत सगळ्या चौदा बदलून दिल्या. मावशी म्हणाली, हे लिही. मी म्हटलं, स्वतःची चूक कोण मांडतं? ती म्हणाली, “ज्याने खरंच १८० केल्या आहेत, तोच १४ सांगू शकतो.” लिहिलं. त्यानंतर चौकशी करणाऱ्यांपैकी तिघांनी स्वतःहून त्या ओळीचा उल्लेख केला.

आता वस्तू कशा दाखवायच्या ते थोडक्यात. दहा फोटोंचा गालिचा नको. एकच वही घ्या आणि तिचे तीन फोटो काढा: बंद, पूर्ण उघडून टेबलावर सपाट पडलेली, आणि कण्याची शिवण जवळून. शेजारी पट्टी ठेवा. खाली आकार, पानं, कागद कोणता. माझ्या वहीत आठ फर्मे, एकेका फर्म्यात सहा ताव, म्हणजे १९२ पानं, पाठपोट मोजून. ‘प्रेमाने बनवलेली’ हे शब्द गाळा. प्रेम सगळेच करतात, शिवण दाखवा.

ग्राहकांच्या बोलण्याबाबत एक कडक सूचना. चॅटचा स्क्रीनशॉट तसाच टाकू नका. मी टाकला होता. एका ग्राहक बाईंचा फोटो आणि नाव त्यात दिसत होतं, आणि ती वही नवऱ्याला वाढदिवसाला द्यायची होती. नवऱ्याने ती आधीच पाहिली. त्या रागावल्या नाहीत, पण पुन्हा मागवलंही नाही. पार्सलांच्या ढिगाचा फोटोही जपून टाका, लेबलांवर लोकांच्या घरचे पत्ते असतात. आणि पाठवणारी म्हणून तुमचाही.

त्यापेक्षा साधा मेसेज करा: “तुमचं हे वाक्य माझ्या प्रोफाइलवर लावू का? नाव नको असेल तर फक्त काम लिहीन.” ‘खूप सुंदर!’ हे वाक्य मागूच नका. विचारा, वही कशासाठी वापरता, आधी काय वापरत होता. एका वास्तुरचनाकार बाईंनी लिहून दिलं, ‘साइटवर उभ्याने रेखाटन करते, वही मागे पूर्ण दुमडते म्हणून एका हातात धरता येते.’ ही गोष्ट मला स्वतःलाही ठाऊक नव्हती! लिंक्डइनवरची शिफारस थेट जोडलेली व्यक्तीच देऊ शकते, आणि माझे निम्मे ग्राहक तिथे नाहीतच, म्हणून त्यांची वाक्यं मी परवानगीने परिचयात घातली. मैत्रिणींशी ‘तू मला दे, मी तुला देते’ करू नका. दिलेल्या आणि मिळालेल्या शिफारशी तारखांसकट शेजारी दिसतात, ती अदलाबदल लगेच उघडी पडते.

परिचयात २६०० अक्षरं मावतात, पण उघडताक्षणी सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात. माझ्या त्या ओळी पहिल्यांदा अशा लिहिल्या:

“हाताने शिवलेल्या, सपाट उघडणाऱ्या वह्या घरून बनवते. दोन वर्षांत नातेवाईक-मैत्रिणी धरून ९४ जणांना ५१२ वह्या. सहा महिन्यांहून जुन्या ४२ ग्राहकांपैकी १५ जणांनी पुन्हा मागवल्या (नातेवाईक आणि मैत्रिणी धरलेल्या नाहीत). ६० वह्यांना तीन आठवडे लागतात.”

खाली मोजणीची तारीख घातली आहे. दर तीन महिन्यांनी शीट उघडून आकडे बदलते. मागच्या खेपेला ४२ चे ५१ झाले आणि १५ चे १७, म्हणजे प्रमाण थोडं घसरलं. तरी तसंच लिहिलं. का घसरलं ते अजून शोधतेय, बहुधा नव्या कागदावर शाई फुटते.