वरचे तीन हजार आपण भरू, असं म्हणण्याआधी: आरोग्य विम्यात या चुका टाळा

माझे मामा उदगीरचे. गेल्या वर्षी पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांना लातूरच्या एका हॉस्पिटलात दाखल केलं. विमा 3 लाखांचा, पॉलिसीला चार वर्षं पूर्ण, कॅशलेसची पहिली मंजुरीही आलेली. काउंटरवर विचारलं, "ट्विन शेअरिंग पाहिजे की सिंगल?" आमच्याकडे पेशंटला भेटायला निम्मं गाव येतं, म्हणून मामींनी सिंगल घेतली. भाडं रोजचं 6,000. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे रोजचे 3,000, हे मामांना पाठ होतं. ते म्हणाले, "वरचे तीन हजार आपण भरू की. चार दिवसांचे बारा हजार, त्यात काय एवढं?"

डिस्चार्जच्या दिवशी त्यांना 65,600 रुपये भरायला सांगितले.

हिशेबात कुठेही लबाडी नव्हती. बिल होतं 1,52,000 चं. त्यात खोली आणि नर्सिंगचे 24,000, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटरचे मिळून 80,000, औषधं आणि साहित्याचे 30,000, तपासण्यांचे 14,000, आणि नोंदणी, हातमोजे वगैरे विम्यात न बसणाऱ्या गोष्टींचे 4,000. मामांनी मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली, म्हणजे हक्काच्या खोलीशी प्रमाण पडलं निम्मं. मग कंपनीने खोलीचे निम्मे, 12,000, दिलेच, पण सर्जन आणि थिएटरच्या 80,000 तलेही निम्मेच, 40,000, मंजूर केले. याला प्रमाणशीर कपात म्हणतात. हॉस्पिटलात खोली बदलली की डॉक्टरच्या फीपासून थिएटरपर्यंत सगळ्यांचे दर बदलतात. म्हणून कंपनी म्हणते, तुम्ही वरच्या वर्गात बसलात, आम्ही तुमच्या तिकिटाच्या हिशेबाने देऊ.

औषधं आणि तपासण्या पूर्ण धरल्या. अशी मंजूर रक्कम झाली 96,000. त्यावर पॉलिसीतलं 10 टक्के को-पेमेंट, म्हणजे मंजूर रकमेतला आपण भरायचा ठरलेला वाटा, 9,600, वजा झालं. कंपनीने दिले 86,400.

मामांनी 3,000 ची खोली घेतली असती तर? त्याच हॉस्पिटलच्या दरपत्रकात त्या खोलीला सर्जन आणि थिएटरचे 60,000 होते. बिल झालं असतं 1,20,000 चं, आणि न बसणारे 4,000 व 11,600 चं को-पेमेंट धरून मामांच्या खिशातून गेले असते 15,600. बारा हजारांची म्हणून घेतलेली खोली पन्नास हजारांना पडली.

कपात जास्त लागली असं वाटलं तर काय बघायचं

औषधं, साहित्य, शरीरात बसवलेले इम्प्लांट आणि तपासण्या यांवर ही कपात लावता येत नाही, आयसीयूच्या खर्चावरही नाही. विमा नियामक आयआरडीएआयने 2020 मध्ये हे ठरवून दिलं. तरीही कधीकधी सरसकट अख्ख्या बिलावर टक्केवारी लावलेली दिसते. मंजुरीचं पत्र मागा आणि औषधांच्या ओळीत कपात आहे का ते आधी पाहा.

दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. हॉस्पिटल खोलीनुसार वेगवेगळे दर लावतच नसेल, म्हणजे जनरल वॉर्डच्या आणि सिंगल रूमच्या पेशंटला सर्जनची फी एकच असेल, तर प्रमाणशीर कपात लागू होत नाही. तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टर स्वतः चालवतात त्या नर्सिंग होममध्ये हे विचारून घ्याच. तसं असेल तर हॉस्पिटलच्या लेटरहेडवर लिहून घ्या आणि क्लेमला जोडा.

आणि हो, 'खोलीभाडं' या शब्दात बऱ्याच पॉलिसी नर्सिंगचाही आकार धरतात. खोली 2,500 ची आणि नर्सिंग 800 चं असेल तर तुम्ही 3,000 च्या वर गेलात.

को-पेमेंट: पुण्याला गेल्यावर आठवणारी ओळ

काही पॉलिसी शहरांचे झोन करतात. लातूर, परभणी, हिंगोलीच्या पत्त्यावर हप्ता कमी बसतो, म्हणून आपण खूश. पण त्याच पॉलिसीत लिहिलेलं असतं की मुंबई किंवा पुण्यात उपचार घेतल्यास ठरावीक टक्के तुम्ही भरायचे. आपल्याकडचा गंभीर पेशंट शेवटी पुण्याला हलवतात हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा हप्त्यात वाचलेले दोन पैसे बघण्याआधी झोनची ओळ शोधा. वयावरचं को-पेमेंट वेगळं असतं, आणि तेही प्रत्येक क्लेमला लागतं.

वेटिंग पिरियड: केसपेपरवरचं एक वाक्य

नव्या पॉलिसीत पहिले 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, खडे, गुडघेबदल यांसाठी बहुतेक ठिकाणी 24 महिने थांबावं लागतं. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त 36 महिने. एप्रिल 2024 पूर्वी ही मर्यादा 48 होती, म्हणून जुना कागद वाचताना गोंधळ होतो.

खरी अडचण मात्र दवाखान्यात होते. दाखल करताना ज्युनिअर डॉक्टर विचारतात, "शुगर कधीपासून?" सोबत आलेला पुतण्या म्हणतो, "असेल की आठ-दहा वर्षांपासून." केसपेपरवर लिहिलं जातं: मधुमेह, 10 वर्षं. पॉलिसी दोन वर्षांची असेल आणि प्रस्तावात मधुमेह लिहिलेला नसेल, तर क्लेम नाकारायला कंपनीला तेवढी एक ओळ पुरते. पेशंटसोबत आजाराच्या जुन्या चिठ्ठ्या ठेवा आणि इतिहास ज्याला माहीत आहे त्यानेच सांगावा. खोटं सांगायचं नाही, अंदाजही सांगायचा नाही. चुकून लिहिलंच, तर पहिल्या निदानाची तारीख असलेला जुना कागद आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं दुरुस्तीपत्र, दोन्ही एकत्र द्या. नुसतं पत्र कंपनी सहसा मानत नाही.

विमा रक्कम 3 वरून 5 लाख केली, तर वाढलेल्या 2 लाखांना वेटिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही

पहिली मंजुरी ही अंतिम रक्कम नसते. मामांना आधी 50,000 चं पत्र आलं होतं आणि त्यांना वाटलं एवढंच मिळणार. अंतिम आकडा डिस्चार्जच्या वेळी ठरतो. 2024 च्या नियमांप्रमाणे सुरुवातीच्या विनंतीवर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या विनंतीवर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. तीन तासांपुढे उशीर होऊन हॉस्पिटलने जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा. त्यामुळे हॉस्पिटलमध्ये विम्याचे कागद बघणाऱ्या टीपीए डेस्कने अंतिम बिल किती वाजता पाठवलं, ती वेळ विचारून लिहून ठेवा. पुष्कळदा कंपनीला शिव्या पडतात आणि फाइल डेस्कवरच पडून असते.

कॅशलेस नाकारलं तर पैसे भरून, मूळ बिलं, पावत्या आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन परतफेडीचा क्लेम करता येतो. तिथेही अडलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा, मग bimabharosa.irdai.gov.in वर. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मराठवाड्यासाठी ते कार्यालय पुण्याला आहे आणि तक्रारीला फी नाही.

मामांच्या बिलात औषधांवर कपात नव्हती आणि हॉस्पिटलचे दर खोलीनुसारच होते. म्हणून आम्ही तक्रार केली नाही, 65,600 भरले. या नूतनीकरणाला मामांनी खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी मागितली. हप्ता वाढला, पण वेटिंगच्या हिशेबात जुनी चार वर्षं नव्या पॉलिसीत पोर्ट होऊन आली. तेवढ्या 3 लाखांपुरती.