मोड काढायला चार केस नकोत

|x−2| + 2|y| ≤ 4 असल्या मोडवाल्या असमानतेची आकृती काढायची म्हटली की इथे टिळक रोडला क्लासला येणारी बहुतेक पोरं चार केस मांडून पानभर लिहीत बसतात, गरज नाहीये त्याची.

१. प्रत्येक मोडच्या आतलं शून्य करा: x=2, y=0. हा मध्य.
२. y=0 ठेवा, |x−2|=4, म्हणजे (6,0) आणि (−2,0).
३. x=2 ठेवा, |y|=2, म्हणजे (2,2) आणि (2,−2).

चारही टोकं पट्टीने जोडा, आतला भाग रंगवा, झाला डायमंड, आणि एरिया लगेच कर्णांवरून, 8×4÷2=16.

फक्त तिसऱ्या स्टेपला सवयीने x=0 टाकू नका, (0,1) मिळेल, तो बाजूवरचा पॉइंट आहे, टोक नाही. आणि मधे वजा असेल, |x|−|y| ≤ 1 सारखं, तर आकृती बंदच होत नाही, तिथे हे चालणार नाही.