मोरचुदात अमोनिया टाकताना निळा रंग गर्द का होत जातो

नाशिकला गंगापूर रोडच्या कॉलेजात एम.एस्सी. करताना हे प्रॅक्टिकल मला सर्वांत आवडलं. नव्याने करणाऱ्यांसाठी त्यातलं मर्म लिहितोय.

मोरचुदाच्या द्रावणात नुसता अमोनिया टाकला तर आधी फिकट निळा साका बसतो, आणि त्यानं सगळं गणित बिघडतं. म्हणून द्रावणात आधीच २ मोलर अमोनियम नायट्रेट घ्या. त्यामुळे हायड्रॉक्साइड आयन इतके कमी राहतात की साका बसत नाही. डेन्मार्कच्या यानिक ब्येरुम यांनी १९४१ च्या प्रबंधात हीच युक्ती वापरली होती.

आता पायऱ्या. तांब्याभोवतीचं पाणी एकेक करून हटतं आणि त्या जागी अमोनिया येतो. प्रत्येक पायरीचा समतोल स्थिरांक म्हणजे K; चार पायऱ्यांचे log K साधारण ४.१, ३.५, २.९ आणि २.१ आहेत. प्रत्येक पायरीला रिकाम्या जागा कमी होतात, म्हणून आकडे उतरतात. पण ते फार लांब लांब नसल्यामुळे कुठल्याही क्षणी द्रावणात दोन-तीन प्रकार एकत्र असतात.

समजा मोकळा अमोनिया ०.००१ मोलर आहे. प्रत्येक K ला या आकड्याने गुणलं की पुढचा प्रकार मागच्याच्या किती पट आहे ते कळतं: १२.६, ३.२, ०.८ आणि ०.१३. यावरून दोन अमोनियावाला प्रकार सुमारे ४५ टक्के, तीनवाला ३५, एकवाला १४ आणि चारवाला जेमतेम ४ ते ५ टक्के निघतो. मोकळा अमोनिया ०.१ मोलर केला की चारवाला ९० टक्क्यांच्या आसपास जातो.

इथे बहुतेकांची गल्लत होते. हिशेबात मोकळा अमोनिया घ्यायचा असतो, ब्युरेटमधून टाकलेला नव्हे. तांबं ०.०१ मोलर असेल तर ०.०४ मोलरपर्यंत अमोनिया त्यातच अडकतो. मोकळा किती उरला ते पीएच मोजून काढा. बाटलीवरच्या आकड्यावरही विसंबू नका. एप्रिल-मेच्या उन्हात अमोनिया उडतो, म्हणून आम्लाशी टायट्रेशन करूनच वापरा.

रंगाचं कारण असं की अमोनिया पाण्यापेक्षा तांब्याचे d-ऑर्बिटल जास्त फाकवतो. पाण्यासोबत असताना शोषण ८०० नॅनोमीटरजवळ, म्हणजे दिसण्याच्या पलीकडे असतं, त्याची फक्त शेपटी लाल रंगात येते. चार अमोनिया आले की शिखर ६०० जवळ सरकतं आणि नारिंगी-लाल प्रकाश थेट गिळला जातो. शिवाय शोषणाची तीव्रता, म्हणजे मोलर शोषणांकही ११-१२ वरून ५० च्या आसपास जाते. या दोन्ही गोष्टी मिळून रंग गर्द होतो.

पाचवा अमोनिया मात्र नीट बसत नाही: त्याचा log K सुमारे उणे ०.५ आहे. तीव्र अमोनियात तो थोडाफार बसतो, आणि तेव्हा शिखर उलट लालकडे, ६४० च्या दिशेने परततं. म्हणून चारच्या प्रकाराचा स्पेक्ट्रम घेताना तीव्र अमोनिया ओतू नका.