पिन विसरलाय पण बोट चालतंय? रीसेट करायच्या आधी हे सगळं करून घ्या

फोनचा पिन किंवा पॅटर्न डोक्यातून गेलाय, पण बोट लावलं की फोन अजून उघडतोय, असं असेल तर हे आत्ताच वाचा, उद्यावर टाकू नका. बोटही चालत नसेल तर तुमच्यासाठीचं खाली लिहिलंय. हे सगळं अँड्रॉइडचं आहे, आयफोनबद्दल शेवटी थोडं.

सगळ्यात पहिलं म्हणजे फोन रीस्टार्ट करायचा नाही. हँग झाला, बोट नीट वाचत नाहीये, नेटवर्क गेलंय, काहीही असो, रीस्टार्ट नाही. मी नेमकं हेच केलं होतं. गुरुवारी रात्री नऊच्या सुमाराला जुना चार आकडी पिन बदलून सहा आकडी ठेवला, नंतर सगळं बोटानेच चालू होतं. शुक्रवारी संध्याकाळी एका सेटिंगला पिन मागितला तेव्हा कळलं की आठवतच नाहीये. म्हटलं बोट चालतंय ना, आठवेल सावकाश. शनिवारी दुपारी हात ओला होता, बोट तीनदा वाचलं नाही, मला वाटलं सेन्सर अडकला, आणि सवयीने पॉवर बटण दाबून रीस्टार्ट केला. फोन चालू झाला तो 'रीस्टार्टनंतर पिन टाकणं गरजेचं आहे' असा मेसेज घेऊनच. त्यानंतर हात कोरडा करून कितीही वेळा बोट लावलं तरी काही झालं नाही. आजीच्या आवाजाची अकरा रेकॉर्डिंग्ज फक्त त्या फोनमध्ये होती, ती गेली.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे मोह होणार नाही. फोनमधला डेटा कुलूपबंद असतो आणि ते उघडायची किल्ली तयार करायला तुमचा पिन लागतो. एकदा पिन टाकला की ती किल्ली फोन चालू असेपर्यंत आत तयार राहते, बोट फक्त 'हो, हा मालकच आहे' एवढं सांगतं. फोन बंद झाला की किल्ली गेली, आणि बोटातून ती परत बनत नाही. म्हणून रीस्टार्टनंतर फोटो, मेसेज, कॉन्टॅक्ट सगळंच आत अडकतं. ओळखायची खूण म्हणजे, रीस्टार्टनंतर ओळखीच्या माणसाचा कॉल आला तरी नाव दिसत नाही, नुसता नंबर दिसतो, कारण कॉन्टॅक्टसुद्धा कुलपाच्या आत आहेत.

तर रीस्टार्ट म्हणजे फक्त तुम्ही बटण दाबून केलेला नाही. बॅटरी संपून बंद पडला तोही तेवढाच घातक, म्हणून आधी चार्जर लावा. रात्री आपोआप अपडेट होऊन फोन स्वतः रीस्टार्ट होतो, म्हणून सिस्टीम अपडेट आपोआप टाकायचं सेटिंग बंद करा, आणि अपडेट डाउनलोड होऊन 'रीस्टार्ट करा' म्हणत बसलं असेल तर त्याला हात लावू नका. काही फोनमध्ये आठवड्यातून एकदा आपोआप रीस्टार्ट व्हायची सोय असते, तीही बघून बंद करा. आणि फोन लॉक करून नुसता ठेवून देऊ नका, कारण 2025 पासून गूगल प्ले सर्व्हिसेसमध्ये अशी सोय आलीये की सलग तीन दिवस फोन उघडलाच नाही तर तो स्वतःहून रीस्टार्ट होतो.

दुसरं, घड्याळ. रीस्टार्ट नाही झाला तरी बोट कायमचं चालत नाही. शेवटचा पिन टाकल्यापासून साधारण 72 तासांनी अँड्रॉइड परत पिन मागतो, त्याआधी बोट कितीही वेळा चाललेलं असो. चेहरा ओळखून उघडणारा फोन असेल तर बऱ्याच फोनमध्ये ही मुदत अजून कमी असते. माझ्या केसमध्ये गुरुवारी रात्री नऊ म्हणजे रविवारी रात्री नऊपर्यंत. शनिवारी दुपारी माझ्याकडे अजून सव्वा दिवस होता, आणि मी तो एका बटणात घालवला. तुम्ही तुमचा हिशोब कागदावर लिहा, नक्की आठवत नसेल तर आजचाच दिवस आहे असं धरून चाला. बोट लावताना हात कोरडे हवेत, सलग चुकीचं वाचलं गेलं तर थोडा वेळ थांबा, खूप वेळा चुकलं तर बोट पूर्ण बंद होऊन पिनच मागितला जातो.

आता आत शिरलात की सेटिंगमध्ये जाऊन पिन बदलायच्या मागे लागू नका, तिथे जुना पिनच मागतात, बोट चालत नाही. डेव्हलपर ऑप्शन्स चालू करायला गेलात तर तिथेही पिन. त्यात वेळ घालवू नका. स्क्रीन बंद व्हायची वेळ मात्र पिनशिवाय वाढवता येते, ती जास्तीत जास्त करून ठेवा, आणि मग डेटा बाहेर काढा.

केबलने कॉम्प्युटरला लावा, फोनवर नोटिफिकेशनमध्ये फाइल ट्रान्सफर निवडा. फोन उघडा असतानाच निवडायचं, लॉक असताना कॉम्प्युटरला फोल्डर रिकामं दिसतं आणि माणूस उगाच घाबरतो. फोटो सगळे घेतातच, ते सांगत नाही. राहून जातात ती रेकॉर्डिंग्ज, डाउनलोड, डॉक्युमेंट्स आणि व्हॉट्सअॅपचे फोटो-व्हिडिओ, जे या फोल्डरमध्ये असतात:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp
```

कॉपी झाल्यावर कॉम्प्युटरवर दोन-चार फाइली उघडून बघा, विशेषतः मोठे व्हिडिओ, मधेच तुटतात. व्हॉट्सअॅपच्या चॅटचा बॅकअप वेगळा, तो अॅपच्या आत जाऊन घ्यायचा आणि आजची तारीख दिसेपर्यंत थांबायचं. त्या बॅकअपला तुम्ही पूर्वी पासवर्ड लावला असेल तर तो आठवतोय का तेही आत्ताच बघा.

इथे एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. 'माझा तर गूगलवर बॅकअप आहे' म्हणून निर्धास्त राहू नका. फोनच्या बॅकअपमधला काही भाग तुमच्या स्क्रीन लॉकनेच कुलूपबंद केलेला असतो, आणि तो नव्याने परत आणताना जुन्या फोनचा पिन किंवा पॅटर्न विचारला जातो, म्हणजे तोच जो तुम्ही विसरलाय. गूगल फोटोजमधले फोटो आणि अकाउंटला सिंक असलेले कॉन्टॅक्ट सुटे असतात, ते नुसत्या अकाउंटने मिळतात. पण एसएमएस, कॉल हिस्टरी, अॅपचा डेटा यांच्यासाठी त्या बॅकअपवर अवलंबून राहू नका, महत्त्वाचे मेसेज एखाद्या अॅपने फाइल करून काढून घ्या, किंवा सरळ स्क्रीनशॉट.

आणि हे सगळं चालू असताना चार्ज कमी होऊ देऊ नका. कॉम्प्युटरवरून चार्जिंग हळू होत असेल तर मधे थांबून नीट चार्ज करा, दोन टक्क्यांवर जुगार खेळू नका.

मग गूगल अकाउंट. शेवटी रीसेट करावाच लागला तर फोन चालू झाल्यावर आधीच्याच अकाउंटचा ईमेल-पासवर्ड किंवा जुना लॉक मागतो, ही चोरीविरुद्धची सोय आहे, ती टाळता येत नाही. म्हणून पासवर्ड दुसऱ्या डिव्हाइसवर टाकून बघा, लॉगिन होतंय का. टू-स्टेप असेल तर कोड कुठे येणार? त्याच बंद फोनवर येणार असेल तर अडकलात. बॅकअप कोड आत्ता काढून कागदावर लिहा, ऑथेंटिकेटरमधले कोड दुसऱ्या फोनवर हलवा. पासवर्ड विसरून नवीन केला असेल तर रीसेट करायच्या आधी चोवीस तास थांबा, गूगलच तसं सांगतं. थांबताना फोन बंद पडू द्यायचा नाही, हे आलंच.

आता ज्यांचं बोट आधीच बंद पडलंय त्यांच्यासाठी. मनात येईल ते पिन ठोकत बसू नका. पाच चुका झाल्या की तीस सेकंद थांबायला लावतात, पुढे थांबण्याची वेळ वाढत जाते, आणि काही फोनमध्ये ठरावीक चुकांनंतर डेटा आपोआप पुसायचं सेटिंग असतं, ते तुम्ही पूर्वी चालू केलं होतं का हे आधी आठवा. कागद घ्या, शक्यता लिहा, टाकलेला प्रत्येक पिन खोडा. बोटांना आकड्यांपेक्षा जागा जास्त लक्षात राहतात, त्यामुळे न बघता अंगठा कुठे कुठे जातो ते बंद स्क्रीनवर करून बघा. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर सराव करत असाल तर लक्षात घ्या, तिथे 7-8-9 वर असतात आणि फोनवर 1-2-3.

सॅमसंग असेल आणि लॉक बदलून 72 तास झाले नसतील तर नव्या फोनमध्ये काही चुकांनंतर पिन विसरल्याचा पर्याय येतो, तिथे आधीचा लॉक टाकून सुटता येतं. माझ्या फोनमध्ये ही सोय नव्हती. सॅमसंगच्या अकाउंटवरून लांबून अनलॉक करायची सोयही काही मॉडेलमध्ये आहे, पण ती आधीपासून चालू केलेली हवी आणि फोन इंटरनेटला हवा. गूगलच्या फोन शोधायच्या सोयीत मात्र वाजवणं, लॉक करणं आणि पुसणं एवढंच आहे, तिथे घाईत पुसायचं बटण दाबू नका.

कधीकाळी यूएसबी डीबगिंग चालू करून याच कॉम्प्युटरला परवानगी दिली असेल, आणि शेवटच्या रीस्टार्टनंतर फोन एकदा तरी उघडलेला असेल (परत तेच रीस्टार्ट), तर लॉक असतानाही कॉम्प्युटरवरच्या adb या साधनाने फाइली निघतात:

```
adb devices
adb pull /sdcard/
```

पहिल्या ओळीला unauthorized आलं तर हा रस्ता बंद, कारण परवानगी द्यायला स्क्रीन उघडावी लागते.

'डेटा न जाता लॉक काढून देतो' म्हणणारी सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. नव्या फोनवर ती बहुतेक वेळा रीसेटच करतात, जो फुकट होतो.

आयफोनमध्ये आयओएस 17 पासून पासकोड बदलल्यावर 72 तास जुना पासकोड चालतो, नाहीतर पुसूनच सुरू करावा लागतो.

काहीच नाही जमलं तर मेमरी कार्ड काढून ठेवा, बॅटरी भरा, अकाउंटचा कागद समोर ठेवा, मग फोनच्या रिकव्हरी मेनूतून रीसेट. पण बोट अजून चालत असेल तर इथपर्यंत येऊच नका, आधी चार्जर लावा आणि रेकॉर्डिंग्ज कॉपी करा.