काउंटरवरून उठताना स्क्रीनला कुलूप: पासवर्डचे नवे नियम, सर्व कर्मचाऱ्यांसाठी

येत्या सोमवारपासून काउंटरचा कॉम्प्युटर, आतल्या खोलीतला कॉम्प्युटर आणि काउंटरचा मोबाइल, या तिन्हींसाठी नवे नियम लागू होतील. नियम थोडे आहेत, पण ते का केले हे आधी सांगतो.

मागच्या महिन्यात संध्याकाळच्या ओपीडीला काउंटरसमोर गर्दी होती. एक रिपोर्ट छापायला टाकला आणि प्रिंटरमधले कागद संपले. काउंटरवरच्या ताई आतून कागद आणायला गेल्या. फार तर दोन मिनिटं लागली असतील, पण तेवढा वेळ रिपोर्ट स्क्रीनवर उघडा होता. नंबर विचारायला पुढे झुकलेल्या एका नातेवाइकाने तो वाचला. तो पेशंटच्याच गल्लीत राहणारा होता. दोन दिवसांनी त्या पेशंट बाई माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, माझा रिपोर्ट गल्लीत कसा पोचला?” तपासणी कसली होती ते इथे लिहीत नाही.

त्या दिवशी ती फाइल कोणी उघडली होती ते मी पाहायला गेलो, तर नोंदीत फक्त reception एवढंच होतं. तिघांचं एकच नाव आणि एकच पासवर्ड. दोष ताईंचा नव्हता, ही व्यवस्थाच मी चुकीची लावली होती. अशा माहितीबाबत कायदाही कडक आहे. 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात तर एचआयव्हीसंबंधी माहिती ठेवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने ती सुरक्षित राखण्याची सोय केलीच पाहिजे, असं स्पष्ट म्हटलं आहे.

प्रत्येकाचं वेगळं खातं

सोमवारी दुपारी एक ते दोन या वेळात एकेकाने माझ्याकडे या. दोन्ही कॉम्प्युटरवर तुमच्या नावाचं खातं आणि क्लिनिकच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमचं स्वतंत्र लॉगिन तयार करून देईन. पासवर्ड तुम्ही स्वतः टाकायचा, मी तोंड फिरवून बसेन. तो मलाही सांगायचा नाही. फोनवरून “सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतोय, पासवर्ड सांगा” असं कोणी म्हटलं तर फोन ठेवून द्या आणि मला कळवा.

पासवर्ड कसा बनवायचा

एकमेकांशी संबंध नसलेले चार साधे मराठी शब्द घ्या आणि ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. सगळं मिळून किमान 15 अक्षरं व्हायला हवीत. उदाहरणार्थ:

```
naralpustakretitufan
```

ही 20 अक्षरं झाली. हा पासवर्ड आता सगळ्यांनी वाचला, त्यामुळे तो कोणी वापरू नये. शब्द स्वतःच्या आयुष्यातले नकोत: मुलाचं नाव, जन्मसाल, मोबाइल नंबर, गाव, कुलदैवत, क्लिनिकचं नाव यांपैकी काहीही नको. आपल्याला ओळखणारा माणूस आधी हेच टाकून पाहतो. `Ganpati@123` यात मोठं अक्षर, चिन्ह आणि आकडे सगळं आहे, तरी तो कच्चाच. माणसं ही चिन्हं कुठे घालतात ते पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रॅमना पाठ असतं. असंबद्ध शब्दांची लांबी त्यांना जास्त जड जाते.

दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती मी ठेवत नाही. ती ठेवली की माणूस जुन्याच पासवर्डच्या शेवटी 1, मग 2, मग 3 लावतो. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही 2017 मध्ये ही सक्ती नको असं सांगितलं. मात्र कोणी टाइप करताना पाहिलं, किंवा नुसता तसा संशय आला, तर त्याच दिवशी बदला.

पहिला आठवडा विसरायची भीती वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी पाकिटात किंवा पर्समध्ये ठेवा. तिच्यावर तुमचं किंवा क्लिनिकचं नाव नको. पाठ झाला की फाडून टाका. कीबोर्डखाली किंवा मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी दिसली तर मी ती काढून घेईन आणि पासवर्ड बदलायला लावीन.

उठताना Windows + L

खुर्चीतून उठण्याआधी, अगदी पाणी प्यायला जायचं असलं तरी, खाली डावीकडची Windows खूण असलेली कळ दाबून धरा आणि L दाबा. स्क्रीन लगेच लॉक होते. अर्धवट भरलेला फॉर्म तसाच राहतो, छपाईही चालू राहते, काहीच बंद होत नाही. परत आल्यावर पासवर्ड टाकला की होतं तिथून सुरू. पासवर्ड न विचारता स्क्रीन उघडली, तर सेटिंग चुकलं आहे, मला लगेच सांगा.

विसरलात तर तीन मिनिटांनी स्क्रीन आपोआप लॉक होईल. हे मी प्रत्येक खात्यावर लावून देणार आहे: Settings > Personalization > Lock screen > Screen saver इथे Wait समोर 3 आणि On resume, display logon screen वर टिक. ही टिक कोणी काढू नये. पण हिच्यावर विसंबूही नका. त्या संध्याकाळी जे घडलं ते दोन मिनिटांत घडलं, म्हणजे तीन मिनिटांच्या लॉकने ते थांबलं नसतं.

जेवायच्या सुट्टीत दुसरं कोणी काउंटरवर बसणार असेल तर तुमचं काम सेव्ह करून Windows + L दाबा. बसणाऱ्याने खाली डाव्या कोपऱ्यात स्वतःचं नाव निवडून आत जायचं. “माझंच चालू आहे, त्यातच कर” असं म्हणायचं नाही. पाळी संपली की मात्र नुसतं लॉक पुरणार नाही, Sign out करा. काउंटरचा कॉम्प्युटर जुना आहे, दोन-तीन खाती एकदम उघडी राहिली की तो रखडतो.

पासवर्ड बरोबर, तरी चुकीचा म्हणतो

आपल्याकडे याचं कारण बहुतेक वेळा मराठी कीबोर्ड असेल. लॉगिनच्या पानावर खाली उजवीकडे ENG दिसत नसेल तर Windows + Space दाबून ENG करा. मग Caps Lock चालू नाही ना ते बघा. दहा वेळा चुकलं तर खातं दहा मिनिटांसाठी बंद होईल असं ठेवलं आहे. म्हणून तीनदा चुकल्यावर थांबा आणि मला हाक मारा.

काउंटरचा मोबाइल

पॅटर्न काढून सहा आकडी पिन लावला आहे, कारण काचेवर बोटाचे डाग राहतात आणि त्यावरून पॅटर्न कळतो. हा एकच फोन सगळे वापरतात, त्यामुळे पिन सर्वांना माहीत असेल. कोणी काम सोडलं की तो त्याच दिवशी बदलेन. फोन 30 सेकंदांत लॉक होईल आणि लॉक असताना मेसेजचा मजकूर दिसणार नाही. पेशंट रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, म्हणून रात्री क्लिनिक बंद करणाऱ्याने Linked devices उघडून तिथे दिसणारे सगळे कॉम्प्युटर Log out करावेत.

तातडीचा पेशंट आला तर

पासवर्ड आठवेपर्यंत पेशंटला थांबवायचं नाही. केसपेपरवर हाताने लिहा, नोंद नंतर चढवता येते. जुनी फाइल पाहणं भाग असेल आणि कोणाचंच लॉगिन चालत नसेल, तर औषधांच्या कपाटात वरच्या कप्प्यात सीलबंद पाकीट आहे, त्यात आपत्कालीन खात्याचा पासवर्ड आहे. कोणालाही न विचारता फोडा. पाकिटावर वेळ, पेशंटचा केस नंबर आणि स्वतःचं नाव लिहा. दुसऱ्या दिवशी मी तो पासवर्ड बदलून नवं पाकीट ठेवीन.

स्क्रीन उघडी राहिली, पासवर्ड कोणाला कळला, फोन कुठे विसरला, असं काही झालं तर त्याच दिवशी मला सांगा. त्यासाठी कोणाचा पगार कापला जाणार नाही. कोणत्या पेशंटची माहिती दिसली असेल ते त्याच दिवशी कळलं, तर त्यांना मी स्वतः फोन करीन.