इनटेक-आउटपुट चार्टवरून नर्सिंगचं इंग्रजी

मराठी माध्यमातून बारावी करून जीएनएम नर्सिंगला आलेल्या मुलींना मी एकच सांगते: शब्दांच्या याद्या पाठ करत बसू नका, वॉर्डातल्या सिस्टरांकडून इनटेक-आउटपुटचा एक कोरा चार्ट मागून घ्या. लातूरच्या सर्जिकल वॉर्डात माझं कामापुरतं इंग्रजी या कागदानेच पक्कं केलं. भरलेल्या चार्टचा फोटो मात्र काढू नका, तो पेशंटचा खासगी कागद असतो.

एका बाजूला शरीरात गेलेलं लिहायचं: ओरल, आयव्ही, आरटी फीड. दुसऱ्या बाजूला बाहेर आलेलं: युरिन, व्हॉमिट, ड्रेन, आरटी अ‍ॅस्पिरेट. शब्द रकान्यासकट लक्षात ठेवा. आरटी म्हणजे राइल्स ट्यूब, नाकातून पोटात घातलेली नळी. तिच्यातून आत दिलं ते फीड, सिरिंजने ओढून बाहेर काढलं ते अ‍ॅस्पिरेट. नळी तीच, पण रकाना चुकला की सगळा हिशोब उलटा होतो.

आता सरावासाठी एक पेशंट घेऊ. वजन ६० किलो, पोटाचं ऑपरेशन झालेलं, सकाळी ८ ते दुपारी २ ची नोंद. पेशंट एनबीएम, म्हणजे तोंडाने काहीच द्यायचं नाही, म्हणून ओरल शून्य, आयव्ही ६०० एमएल. युरिन १२०, ड्रेन ५०, अ‍ॅस्पिरेट १५०, म्हणजे आउटपुट ३२० आणि बॅलन्स प्लस २८०. बेरीज बरोबर आली म्हणून तिथे थांबू नका. सहा तासांत १२० म्हणजे तासाला २० एमएल लघवी. मोठ्या माणसाला किलोमागे तासाला निदान अर्धा एमएल धरतात, म्हणजे इथे ३० हवी होती. आधी कॅथेटरची नळी दुमडली का, पेशंटच्या अंगाखाली दबली का ते बघायचं, मग लगेच डॉक्टरांना कळवायचं. नर्सेस नोट्समध्ये वेळ टाकून असं लिहायचं:

'युरिन आउटपुट ट्वेंटी एमएल पर अवर फॉर लास्ट सिक्स अवर्स. कॅथेटर पेटंट, नो किंकिंग. डॉक्टर इन्फॉर्म्ड.'

इथे पेटंट म्हणजे नळी मोकळी आहे, तुंबलेली नाही. डिक्शनरीत हा शब्द शोधलात तर आधी शोधाच्या हक्काचा अर्थ समोर येतो, म्हणून वाक्यच्या वाक्य उचला. सिनियर सिस्टरांच्या नोट्समधली 'कम्प्लेन्स ऑफ पेन', 'ओरल सिप्स टॉलरेटेड' अशी वाक्यं पेशंटचं नाव न घेता वहीत उतरवा आणि ड्युटी बदलताना हँडओव्हर तोंडी देऊन बघा. कुठे अडखळता ते तिथे लगेच कळतं.

औषधांच्या चार्टला मात्र हा अंदाजाचा सराव लावू नका. तिथलं संक्षिप्त रूप कळलं नाही तर विचारूनच पुढे जायचं. इन्सुलिनच्या आकड्यापुढे नुसतं यू अक्षर लिहिलं तर ते घाईत शून्यासारखं वाचलं जातं आणि १० चे १०० होतात. म्हणून युनिट्स हा शब्द कायम पूर्ण लिहा.